एका फेजला २९०, बाकी दोन उतरलेले: न्यूट्रल कसा पकडायचा

प्रश्न: घरी थ्री फेज कनेक्शन आहे. सकाळी तिन्ही फेज २३५ च्या आसपास दाखवतात. संध्याकाळी एसी आणि गिझर चालू झाले की एका फेजवर २९०, बाकी दोनवर २२० आणि २०५. आठवड्यात चार एलईडी बल्ब आणि सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर गेला. वायरमन म्हणतो लोड बॅलन्स करून घ्या, लाइनमन म्हणतो डीपीचं टॅपिंग वर आहे. बोअरची थ्री फेज मोटर मात्र व्यवस्थित चालते. नक्की कुठे बघायचं?

उत्तर:

आज संध्याकाळी एसी, गिझर लावू नका, आणि २९० दाखवणाऱ्या फेजवरची टीव्ही, राउटर, चार्जर असली सगळी उपकरणं प्लगमधून काढून ठेवा. बाकीचं सावकाश वाचा. तुमचा न्यूट्रल कुठेतरी तुटलाय किंवा तुटायच्या बेतात आहे. तुमच्या घरात, मीटरपाशी, पोलवर की डीपीवर, हे इथून सांगता येणार नाही, पण शोधायची पद्धत सांगू शकतो.

आधी टॅपिंगचा मुद्दा निकालात काढू. डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरचं टॅपिंग, म्हणजे त्यातून निघणारं व्होल्टेज वर-खाली करायची जोडणी, वर असेल तर तिन्ही फेज एकत्र चढतात, रात्री लोड उतरला की तिन्ही २५५-२६० दाखवतात. एक चढला आणि दोन उतरले असं टॅपिंगमुळे होत नाही. दुसरी शंका लोक घेतात ती डीपीच्या वरच्या बाजूचा, म्हणजे हाय टेन्शनचा एक फ्यूज गेल्याची. त्यात खाली एक फेज जवळपास नेहमीसारखा राहतो आणि दोन अर्ध्यावर, ११५ च्या आसपास येतात. पण कुठलाच फेज २९० ला जात नाही. एक वर आणि बाकीचे खाली हे चित्र दिसलं की मी बाकी काही विचारायच्या आधी न्यूट्रलकडे बघतो.

असं का होतं ते समजायला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी सायकलच्या ट्यूबचं उदाहरण देतो. फळीवर सारख्या अंतराच्या त्रिकोणाच्या तीन टोकांना तीन खिळे ठोका. ट्यूबच्या तीन पट्ट्या कापा, प्रत्येकीचं एक टोक एकेका खिळ्याला आणि तिन्हींची दुसरी टोकं एका कडीला बांधा. कडी मधोमध चौथ्या खिळ्यात अडकवा. तीन खिळे म्हणजे तीन फेज, कडी म्हणजे तुमच्या बोर्डातली न्यूट्रल पट्टी, मधला खिळा म्हणजे डीपीवरचा न्यूट्रल. पट्टीची जाडी म्हणजे त्या फेजवरचा लोड आणि तिची ताणलेली लांबी म्हणजे त्या फेजवरचं व्होल्टेज. मधला खिळा घट्ट असेपर्यंत पट्ट्या जाड-बारीक कशाही असोत, तिघींची लांबी सारखीच राहते. आता मधला खिळा उपटा. कडी जाड पट्ट्यांच्या बाजूला सरकते आणि बारीक पट्टी लांबलचक ताणली जाते.

म्हणजे ज्या फेजवर लोड सगळ्यात कमी, व्होल्टेज तिथेच सगळ्यात जास्त. हे लोकांना उलटं वाटतं, कारण ‘लोड वाढला की व्होल्टेज उतरतं’ एवढंच डोक्यात असतं. तुमचा २९० चा फेज बघा. त्यावर बहुधा दिवे, टीव्ही असलं किरकोळच काही असेल, आणि एसी-गिझर उरलेल्या दोघांवर. तसं असेल तर माझा अंदाज पक्का समजा.

मोटरचं कोडंही याच फळीवर सुटतं. बाहेरचे तीन खिळे जागेवरच आहेत, त्यामुळे फेज-ते-फेज व्होल्टेज ४०५-४१० जसंच्या तसं राहतं. बोअरची मोटर त्या तीन खिळ्यांनाच जोडलेली असते, न्यूट्रल तिला लागतच नाही. मधला खिळा गेला तरी तिला पत्ता लागत नाही. ‘मोटर चालते म्हणजे सप्लाय ठीक’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मोटर नीट चालते म्हटल्यावर माझा न्यूट्रलवरचा संशय उलट वाढतो.

आकड्यांत बघायचं तर एका फेजवर ३०० वॅटचे दिवे आणि बाकी दोघांवर प्रत्येकी १२०० वॅटचा हीटर धरा. न्यूट्रल शाबूत असताना तिघांना २३०. न्यूट्रल पूर्ण तुटला तर हिशोबाने दिव्यांच्या फेजला ३०७ आणि हीटरच्या दोघांना २०३-२०३ येतात. याहून वाईट अवस्था म्हणजे तिसऱ्या फेजवर काहीच चालू नसणं. मग उरलेले दोन लोड ४०० व्होल्टवर एकामागे एक, सिरीजमध्ये येतात. एका फेजवर १०० वॅटचा बल्ब आणि दुसऱ्यावर १००० वॅटची इस्त्री असेल तर बल्बच्या वाट्याला ३६४ व्होल्ट येतात आणि इस्त्रीला जेमतेम ३६. (हे साध्या तापणाऱ्या लोडचं गणित आहे. एसी, फ्रिज, एलईडीचे ड्रायव्हर यांत आकडे थोडे इकडेतिकडे होतात, दिशा तीच राहते.)

तुमचा अ‍ॅडॉप्टर का गेला, तेही सांगतो. अशा अ‍ॅडॉप्टरमध्ये आत येणारी वीज आधी डीसी होऊन एका मोठ्या कपॅसिटरवर बसते आणि तो बहुतेकदा ४०० व्होल्टचा असतो. २९० व्होल्ट एसीचं टोक ४१० व्होल्टपर्यंत जातं. कपॅसिटर काही दिवस सहन करतो, फुगतो आणि एका संध्याकाळी फट्कन फुटतो.

आता तुमच्या वायरमनचा मुद्दा. लोड बॅलन्स करणं चांगलंच आहे, पण न्यूट्रल धड असताना लोड कितीही वाकडातिकडा असला तरी कडी किती सरकते? खांबापासून मीटरपर्यंत ३० मीटर, १० चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियम वायर धरा. तिचा रोध सुमारे ०.०९ ओहम. न्यूट्रलमधून २० अँपिअर गेले तरी दोन व्होल्टच्या आत फरक पडतो. वस्तीपासून लांब, लाइनच्या अगदी शेपटाला राहणाऱ्यांचं गणित जरा वेगळं आहे. लाइनला वापरतात त्या वीझल नावाच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ०.९ ओहम असतो. अर्धा किलोमीटर न्यूट्रलमधून ३० अँपिअर वाहिले तर तेरा-चौदा व्होल्ट सरकू शकतात आणि तिथे लोड वाटून घेतल्याने खरंच फरक पडतो. पण तुमच्या तीन आकड्यांवरून काढलं तर तुमची कडी ५५ व्होल्ट सरकलीय. एवढं नुसत्या अनबॅलन्सने होत नाही. या अवस्थेत लोड वाटून घेतला तर आकडे सुधारलेले दिसतील, पण खिळा ढिलाच राहील. एसीचा थर्मोस्टॅट कट झाला की कडी पुन्हा पळेल.

सकाळी सगळं ठीक आणि संध्याकाळी बिघडतं, यावरूनही काही कळतं. न्यूट्रल पूर्ण तुटला असता तर सकाळी नुसता फ्रिज आणि दोन दिवे असतानाही आकडे वेडेवाकडे दिसले असते, कारण तुटलेल्या न्यूट्रलला लोड किती यापेक्षा लोडचं प्रमाण काय याच्याशी मतलब असतो. तुमच्याकडे करंट वाढेल तसा बिघाड वाढतोय. म्हणजे न्यूट्रलची वाट बंद झालेली नाही, पण वाटेत काही ओहमचा रोध येऊन बसलाय. तो दोन प्रकारे येतो. एक म्हणजे काजळी धरलेला, ढिला जॉइंट. दुसरा म्हणजे लाइनचा न्यूट्रल डीपी आणि तुमच्या मध्ये कुठेतरी तुटलेला असून करंट पोलच्या अर्थिंगमधून, मातीतून डीपीकडे परत जातोय. माती ही वायर म्हणून फार वाईट. दुसऱ्या प्रकारात कुठेही काही जळल्याचा वास येत नाही, म्हणून तो जास्त दिवस लपून राहतो. गल्लीतल्या सगळ्यांच्या लोडची बेरीज दिवसा योगायोगाने सारखी पडली तर मात्र पूर्ण तुटलेला न्यूट्रलही सकाळी साळसूद दिसू शकतो. म्हणून पहिलं काम, शेजारच्या दोन-तीन घरांत त्याच वेळी मीटर लावून बघा. त्यांच्याकडेही असंच असेल तर दोष पोलवर किंवा डीपीवर. फक्त तुमच्याकडे असेल तर तुमच्या सर्व्हिस वायरपासून आत.

पुढची मापं लायसन्सधारक माणसाकडूनच घ्या. चालू बोर्ड उघडायचाय आणि या दोषात न्यूट्रललाही हात लावायची सोय नाही. संध्याकाळच्या वेळी, त्रास दिसेल एवढाच लोड मोजणीपुरता लावायचा. आधी फेज-ते-फेज तीन आकडे. तिन्ही ४०० च्या आसपास, एकसारखे आले तर वरचा सप्लाय चांगला. मग न्यूट्रल-ते-अर्थ. निरोगी घरात इथे एक-दोन, फार तर चार-पाच व्होल्ट दिसतात. तुमच्याकडे चाळीस-पन्नास दिसतील असा माझा अंदाज आहे. या मापाला दोन अटी आहेत. घराची अर्थिंग खरी असली पाहिजे, कारण वाळून कोरड्या पडलेल्या खड्ड्यावर मोजलेला आकडा काहीही येतो. आणि कुणी आधीच न्यूट्रल-अर्थ एकत्र जोडून ठेवले असतील तर शून्य दिसेल आणि तुम्ही फसाल.

जागा शोधायला सगळ्यात उपयोगी माप मात्र वेगळंच आहे आणि ते फारसं कुणी घेत नाही. एकाच न्यूट्रल वायरच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजायचं. वायर एकच असेल तर तिच्या दोन टोकांत व्होल्टेज असायचं कारण नाही. असेल तर दोष त्या दोन टोकांच्या मध्ये.

एक केस सांगतो. सांगलीकडे एक दुमजली इमारत होती, खाली पिठाची गिरणी, वर मालकांचं बिऱ्हाड. तक्रार तुमच्यासारखीच होती, वरचे दिवे जायचे. गिरणीची मोटर सुरळीत, त्यामुळे मालकांनी सहा महिने बल्बच्या कंपन्या बदलण्यात घालवले. मी मोजलं तेव्हा २८०, २२५, २०७. फेज-ते-फेज तिन्हीकडे ४०७. वरच्या बोर्डातल्या न्यूट्रल पट्टीवर मीटरची एक काडी ठेवली, दुसरी लांब वायर जोडून खाली मीटरच्या आउटगोइंग न्यूट्रलवर. ४६ व्होल्ट! क्लॅम्प मीटरने न्यूट्रलचा करंट बघितला, ९ अँपिअर. म्हणजे मधल्या त्या एका जागी चारशे वॅटच्या वर उष्णता निघत होती. एवढी उष्णता अंगठ्याएवढ्या जागेत निघाली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. मध्ये होता एक जुना चेंजओव्हर स्विच, कधीकाळी भाड्याच्या जनरेटरसाठी बसवलेला. झाकण उघडायच्या आधीच जळक्या बेकेलाइटचा वास आला.

सप्लाय बंद करून उघडलं तर तिन्ही फेजचे कॉन्टॅक्ट चकचकीत आणि न्यूट्रलचा काळाठिक्कर. अ‍ॅल्युमिनियमची वायर लग न लावता, नुसती पिळून पितळी स्क्रूखाली दाबलेली. स्क्रू हाताला घट्टच लागत होता. इथेच सगळे फसतात. अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं, वर ऑक्साइडचा थर धरतो, आणि स्क्रू घट्ट असूनही आत धातूला धातू भिडलेलाच नसतो. चार बोटं वायर कापून टाकली, कारण इन्शुलेशन तिथपर्यंत शिजलेलं होतं. टोक घासून, जॉइंटची पेस्ट लावून बायमेटॅलिक लग क्रिम्प केला. जनरेटर आता नव्हताच, म्हणून तो स्विच काढूनच टाकला आणि न्यूट्रल सरळ बोल्टच्या लिंकवर घेतला. पुन्हा तोच लोड लावून मोजलं तर २३६, २३४, २३३. न्यूट्रलच्या दोन टोकांत अर्धा व्होल्टसुद्धा नव्हता.

तुमच्याकडेही संशय घ्यायच्या जागा अशाच. चेंजओव्हर किंवा चार पोलच्या मेन स्विचचा न्यूट्रल कॉन्टॅक्ट, मीटरच्या टर्मिनलचा न्यूट्रल स्क्रू, पोलवर सर्व्हिस वायर जिथे लाइनला नुसती गुंडाळलेली असते ती जागा. जुन्या घरांत आणखी एक प्रकार सापडतो. न्यूट्रलमध्येही किटकॅट फ्यूज बसवलेला असतो. थ्री फेजच्या न्यूट्रलमध्ये फ्यूज कधीच नको, तिथे पक्की लिंक हवी, कारण तो फ्यूज उडाला की घर अंधारात जात नाही, घरावर ३०० व्होल्ट येतात.

एमसीबी, आरसीसीबी असताना काहीच का पडलं नाही, असं तुम्ही विचारलं नाहीत तरी पुढे विचारालच. एमसीबी करंट बघतो, व्होल्टेज नाही. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट जुळतो का ते बघतो, आणि इथे एका फेजचा करंट दुसऱ्या फेजमधून त्याच आरसीसीबीतून परत जातो, हिशोब जुळतो. मोटरच्या पॅनेलमधला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर फेज-ते-फेज बघतो, ते तर शाबूत आहेत. स्टॅबिलायझर एका फ्रिजपुरता थोडा आधार देतो, पण तीनशेच्या पुढे स्वतःच जातो. या दोषावर चालणारी वस्तू एकच, प्रत्येक फेज न्यूट्रलशी ताडून बघणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले, कॉन्टॅक्टरसकट. मी वरची मर्यादा २६५-२७० च्या आसपास ठेवतो. दुरुस्तीनंतर तो बसवून घ्या, आधी नाही. आधी बसवला तर रोज संध्याकाळी घर बंद पडेल आणि तुम्ही वैतागून त्याला बायपास कराल.

एक गोष्ट मात्र कुणी सुचवली तरी करू देऊ नका. ‘न्यूट्रल वीक आहे ना, अर्थिंगला जोडून देतो’ म्हणून बोर्डात जंपर टाकायचा. आकडे लगेच सुधारतात, माणूस पैसे घेऊन जातो. पण आता तुमचा न्यूट्रलचा करंट तुमच्या अर्थच्या खड्ड्यातून जायला लागतो आणि न्यूट्रलवरचे चाळीस-पन्नास व्होल्ट अर्थच्या वायरने फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या, गिझरच्या पत्र्यावर येतात. ओल्या अंगाने गिझरच्या नळाला हात लावणाऱ्याला हे महागात पडू शकतं. लाइनचा न्यूट्रल तुटला असेल तर अख्ख्या गल्लीचा करंट तुमच्या खड्ड्याकडे धावतो, ते वेगळंच.

दुरुस्ती करताना क्रमही महत्त्वाचा. आधी तिन्ही फेज बंद, मग न्यूट्रलला हात. जोडताना न्यूट्रल आधी, फेज नंतर. चालू लोडवर ‘जरा स्क्रू आवळून बघतो’ म्हणून न्यूट्रल हलवला आणि तो क्षणभर सुटला, तर जे अजून जळलेलं नाही तेही जाईल. मीटरच्या सीलच्या पलीकडचं, म्हणजे पोलवरचं आणि सर्व्हिस वायरचं काम वीज कंपनीचं आहे, ते खाजगी माणसाकडून करून घेऊ नका. तक्रार नोंदवताना ‘व्होल्टेज कमी-जास्त होतं’ असं सांगू नका, त्यावर लाइनमन टॅपिंग बघून जातो. ‘न्यूट्रल लूज किंवा तुटलेला आहे, फेज-ते-फेज बरोबर आहेत, न्यूट्रल-ते-अर्थ अमुक व्होल्ट येतात, एवढ्या घरांत असंच आहे’ असं सांगा. आकडे लिहिलेला कागद हातात द्या. शेजाऱ्यांचे असले तर त्यांचेही.

काम झाल्यावर सकाळी मोजून समाधान मानू नका, सकाळी तर तुमचे आकडे आजही चांगलेच आहेत. संध्याकाळी एसी आणि गिझर दोन्ही लावून, दिव्यांचा फेज मुद्दाम हलका ठेवून पुन्हा न्यूट्रल-ते-अर्थ मोजा. दोन-चार व्होल्टच्या आत आला तर सेट-टॉप बॉक्सला नवा अ‍ॅडॉप्टर आणा. दहाच्या वर असेल तर अजून एखादा जॉइंट राहिलाय.